टोकन लावलंय, पण पोर्टलला दिसेना

यूएसबी टोकनावरचा छोटा दिवा लागला की टोकन चालू झाले, असे आपण धरून चालतो. खरे तर दिवा एवढेच सांगतो की टोकनाला वीज मिळते आहे. तरीही आयकराच्या पोर्टलवर टोकन सापडत नाही म्हटल्यावर बहुतेक जण पहिल्यांदा तेच काढून दुसऱ्या पोर्टात घालतात, मग तिसऱ्या, मग कुणाच्या तरी सांगण्यावरून कॉम्प्युटर बंद-चालू करतात, आणि शेवटी टोकनच खराब झाले असा निष्कर्ष काढून नव्याची चौकशी सुरू करतात. नवे टोकन म्हणजे नवी डीएससी, नवी व्हिडिओ पडताळणी, नवा खर्च. बहुतेक वेळा यातले काहीच लागत नाही, कारण बिघाड टोकनात नसतोच.

हा त्रास पगारदार माणसाला होत नाही. त्याचे विवरणपत्र आधारच्या ओटीपीवर पक्के होते. कंपनीला मात्र ती सोय नाही. कंपनीचे विवरणपत्र संचालकाच्या डिजिटल सहीनेच दाखल करावे लागते, आणि ऑडिटचा अहवाल सीएच्या डिजिटल सहीने. म्हणून सप्टेंबरअखेर ऑडिट अहवालाची आणि ऑक्टोबरअखेर विवरणपत्राची मुदत जवळ आली की सीएंच्या कार्यालयांत आणि कंपन्यांच्या अकाउंट्स विभागांत एकच वाक्य ऐकू येते: टोकन दाखवत नाहीये.

कोणाला दाखवत नाहीये, हा खरा प्रश्न आहे. ब्राउझर टोकनाकडे थेट कधीच बघत नाही. क्रोम, एज किंवा फायरफॉक्समध्ये उघडलेल्या वेबपानाला तुमच्या यूएसबी टोकनातल्या चिपपर्यंत हात घालायची परवानगीच नसते, आणि नसावीही. मधे एक निरोप्या लागतो. आयकराच्या पोर्टलसाठी तो निरोप्या म्हणजे पोर्टलवरूनच उतरवून घ्यायची एमसाइनर युटिलिटी. बसवल्यानंतर ती एमब्रिज या नावाने मागे चालू राहते. पोर्टलचे पान या युटिलिटीला विचारते, युटिलिटी टोकन बनवणाऱ्या कंपनीच्या सॉफ्टवेअरला विचारते, ते सॉफ्टवेअर विंडोजच्या स्मार्ट कार्ड सेवेमार्फत चिपशी बोलते. उत्तर त्याच वाटेने परत येते. या वाटेवर कुठेही खीळ बसली तरी पडद्यावर दिसणारी तक्रार जवळपास सारखीच असते. म्हणून खीळ कुठे बसली ते आधी शोधायचे आणि मग हात लावायचा.

पूर्वी अशी वाट नव्हती. जुन्या पोर्टलवर जावा अॅप्लेट ब्राउझरच्या आतच चाले आणि तिथूनच टोकन वाचे. ज्या प्लगइन पद्धतीवर हे चाले, ती क्रोमने सप्टेंबर 2015 मध्ये आलेल्या 45 व्या आवृत्तीत कायमची काढून टाकली. फायरफॉक्सने मार्च 2017 मध्ये 52 व्या आवृत्तीत तेच केले. मग काही वर्षे आपण डीएससी मॅनेजमेंट युटिलिटीत सहीची फाइल तयार करून ती पोर्टलवर चढवत होतो. 7 जून 2021 ला नवे पोर्टल आले आणि एमसाइनरची पद्धत सुरू झाली. हा इतिहास सांगायचे कारण एवढेच की इंटरनेटवर आणि व्हॉट्सअॅपवर आजही जुने सल्ले फिरतात: इंटरनेट एक्सप्लोरर वापरा, जावाची सुरक्षा कमी करा, जुने जावा बसवा. आयकराच्या आजच्या पोर्टलसाठी हे सगळे कालबाह्य आहे. एक्सप्लोरर तर 15 जून 2022 ला मायक्रोसॉफ्टनेच निवृत्त केला.

आता एक प्रसंग घेऊ. तो या हंगामात अनेक ठिकाणी थोड्याफार फरकाने घडतो. इचलकरंजीतली एक छोटी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी, कापडाचा धंदा. अकाउंटंटला दिवाळीत नवा विंडोज 11 चा लॅपटॉप मिळाला. जुन्या मशीनवर गेल्या वर्षी आयटीआर-6 त्याच ईपास2003 टोकनाने बिनबोभाट दाखल झाला होता. नव्या लॅपटॉपवर पोर्टलवरून युटिलिटी उतरवली, बसवली, टोकन लावले, दिवा लागला. पोर्टलवर डीएससी नोंदवण्याच्या पानावर प्रोव्हायडरची यादी मात्र रिकामी.

अकाउंटंटने डिव्हाइस मॅनेजर उघडून पाहिला. तिथे स्मार्ट कार्ड रीडरच्या खाली `Microsoft Usbccid Smartcard Reader (WUDF)` अशी नोंद होती, पिवळे चिन्ह नव्हते. ड्रायव्हर आहे, मग अडचण काय, असे त्याला वाटले. फसगत होते ती इथेच. यूएसबी टोकन म्हणजे एका प्लास्टिकच्या कवचात बसवलेले दोन भाग: कार्ड वाचणारा रीडर आणि कायमचे आत बसवलेले स्मार्ट कार्ड. रीडर कसा चालवायचा हे विंडोजला आधीपासून ठाऊक असते, म्हणून ते त्याला लगेच ओळखते. पण त्या रीडरमधल्या कार्डाची भाषा विंडोजला येत नाही. ती भाषा टोकन बनवणाऱ्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये असते. आपण बोली भाषेत दोन्हींना ड्रायव्हरच म्हणतो आणि म्हणून घोळ होतो.

ईपास2003 बसवल्यावर त्या सॉफ्टवेअरची मुख्य फाइल `eps2003csp11.dll` या नावाने विंडोजच्या `System32` फोल्डरमध्ये जाते. वॉचडेटाच्या प्रॉक्सकी टोकनासाठी तीच भूमिका `SignatureP11.dll` करते. एमब्रिज अशाच फाइलींमार्फत टोकनाला विचारते. फाइल नसेल तर एमब्रिजला टोकन असून नसल्यासारखे. बऱ्याच टोकनांमध्ये हे सॉफ्टवेअर टोकनातच दिलेले असते. टोकन लावले की एक छोटी सीडी ड्राइव्ह दिसते आणि तिच्यात सेटअप असतो. जुन्या विंडोजवर तो आपोआप सुरू व्हायचा, आता बहुतेक मशीनवर ऑटोरन बंद असते. इचलकरंजीच्या त्या लॅपटॉपवर तेच झाले होते. दिस पीसी उघडून ती ड्राइव्ह शोधली, आतला सेटअप अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवला, मशीन बंद-चालू केले, तेव्हा टोकन मॅनेजर डेस्कटॉपवर आला.

टोकन मॅनेजर ही या सगळ्या वाटेवरची सर्वांत उपयोगी तपासणी आहे, आणि सगळ्यात कमी लोक ती करतात. ब्राउझर पूर्ण बंद ठेवून टोकन मॅनेजर उघडा. टोकनाचे नाव दिसते का, पिन टाकल्यावर लॉगिन होते का, संचालकाच्या नावाचे प्रमाणपत्र दिसते का आणि त्याची मुदत शिल्लक आहे का, एवढे पाहा. हे सगळे जमले तर टोकन, चिप आणि सॉफ्टवेअर ठणठणीत आहे, आणि पुढची सगळी शोधाशोध युटिलिटी आणि ब्राउझरमध्ये करायची. नाही जमले तर पोर्टलवर कितीही वेळ घालवला तरी व्यर्थ. काही जण ही तपासणी `certmgr.msc` उघडून करतात. ती फसवी आहे. टोकन लावले की विंडोज त्यातल्या प्रमाणपत्राची प्रत आपल्या यादीत घेते, आणि टोकन काढल्यावरही ती तिथे बऱ्याचदा राहते. यादीत नाव दिसले म्हणजे टोकन या क्षणी उत्तर देतेय असे नाही.

इथे एक अपवाद नोंदवून ठेवतो. ऑक्टोबर 2025 च्या विंडोज अपडेटनंतर काही मशीनवर चालू असलेली स्मार्ट कार्डे 32-बिट सॉफ्टवेअरला अचानक दिसेनाशी झाली, सही करणेही अडले. सुरक्षेसाठी केलेल्या बदलाचा तो परिणाम होता आणि मायक्रोसॉफ्टने तो मान्य करून रजिस्ट्रीतला तात्पुरता उपाय दिला. ऐन ऑडिटच्या हंगामात हे झाले. तेव्हा काल चाललेले टोकन आज टोकन मॅनेजरमध्येही दिसत नसेल आणि मधल्या रात्री विंडोज अपडेट झाले असेल, तर टोकनाला दोष देण्याआधी टोकन बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून सॉफ्टवेअरची ताजी आवृत्ती बसवून पाहावी. रजिस्ट्रीला हात जाणकारानेच लावावा.

इचलकरंजीच्या प्रकरणात टोकन मॅनेजरने प्रमाणपत्र दाखवले. पोर्टल तरीही गप्प. म्हणजे पहिली खीळ निघाली, दुसरी राहिली.

एमब्रिज तुमच्याच कॉम्प्युटरवर एक दार उघडे ठेवून बसते. त्या दाराचा पत्ता `https://localhost.emudhra.com:26769` असा आहे. नाव इंटरनेटवरच्या एखाद्या सर्व्हरसारखे दिसले तरी ते `127.0.0.1` कडे, म्हणजे तुमच्याच मशीनकडे वळते. पोर्टलचे पान या दारावर थाप मारून विचारते: कुठली टोकने लावली आहेत? म्हणून ब्राउझरमध्ये हाच पत्ता हाताने टाकून पाहिला तर बरेच कळते. काहीही उत्तर आले, अगदी कोरे पान किंवा एखादी चूक दाखवणारी ओळ आली, तरी दारामागे कोणीतरी आहे. `ERR_CONNECTION_REFUSED` आले तर एमब्रिज चालू नाही. खात्री करायची तर कमांड प्रॉम्प्टवर ही एक ओळ पुरते:

```
netstat -ano | findstr 26769
```

उत्तरात `LISTENING` हा शब्द असलेली ओळ आली तर एमब्रिज ऐकते आहे. काहीच आले नाही तर ती सुरूच झालेली नाही. अँटिव्हायरसने अडवली असेल, बसवताना अॅडमिनिस्ट्रेटरचे अधिकार मिळाले नसतील, किंवा मशीन सुरू झाल्यावर ती आपोआप उठली नसेल.

`ERR_NAME_NOT_RESOLVED` ही वेगळी गोष्ट आहे आणि ती ऑफिसच्या नेटवर्कवर जास्त दिसते. काही राउटर आणि फायरवॉल बाहेरच्या नावाने घरातला पत्ता देणारे उत्तर संशयास्पद मानून गाळून टाकतात. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर तोच लॅपटॉप जोडला की सगळे सुरळीत चालते, आणि लोक म्हणतात ऑफिसचे इंटरनेट स्लो आहे. स्लो काही नाही, नावच सापडत नाही. अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून नोटपॅड उघडून `C:\Windows\System32\drivers\etc\hosts` या फाइलच्या शेवटी पुढची ओळ टाकली की राउटरला विचारायची गरजच उरत नाही:

```
127.0.0.1 localhost.emudhra.com
```

तिसरी शक्यता प्रमाणपत्राची सूचना, म्हणजे ही जागा सुरक्षित नाही असे सांगणारे लाल पान. पोर्टल एचटीटीपीएसवर आहे, त्यामुळे एमब्रिजलाही स्वतःच्या दारावर एक सुरक्षा प्रमाणपत्र लावावे लागते. वर्षानुवर्षे अपडेट न केलेल्या युटिलिटीत त्याची मुदत संपलेली असू शकते. जुनी युटिलिटी काढून पोर्टलवरून नवी घ्यावी, मित्राने पेनड्राइव्हवर दिलेली नको. फायरफॉक्स प्रमाणपत्रांची स्वतःची वेगळी यादी ठेवतो, म्हणून क्रोममध्ये चालणारे फायरफॉक्समध्ये अडू शकते. घाई असेल तेव्हा फायरफॉक्सशी झुंजत बसू नये, क्रोम किंवा एज घ्यावा.

आपल्या अकाउंटंटच्या लॅपटॉपवर मात्र यातले काहीच नव्हते. पत्ता उघडत होता, `LISTENING` दिसत होते, टोकन मॅनेजर हसत होता. आणि पोर्टलच्या पानावर तीच रिकामी यादी. गंमत म्हणजे एका जुन्या, बरेच महिने अपडेट न झालेल्या मशीनवर तोच क्रोम तेच पोर्टल नीट चालवत होता.

कारण क्रोमच्या एका नव्या नियमात होते. 2025 च्या अखेरीस आलेल्या 142 व्या आवृत्तीपासून, इंटरनेटवरचे एखादे संकेतस्थळ तुमच्या स्वतःच्या मशीनवरच्या किंवा घरच्या नेटवर्कवरच्या दारावर थाप मारायला निघाले, की क्रोम आधी तुम्हाला विचारतो. पत्त्याच्या पट्टीखाली एक छोटी चौकट येते, स्थानिक नेटवर्कवरील उपकरणे शोधायची आणि जोडायची परवानगी मागणारी. नियम चांगला आहे. कुठल्याही संकेतस्थळाने आपल्या राउटरपर्यंत किंवा प्रिंटरपर्यंत गुपचूप पोचू नये, यासाठीच तो आणला. पण आपण सगळ्यांनी सूचनांच्या चौकटी न वाचता नकार द्यायची सवय लावून घेतली आहे, आणि इथे ती महागात पडते. एकदा ब्लॉक केले की क्रोम पुन्हा विचारत नाही. पोर्टलला उत्तर मिळत नाही, आणि पोर्टल बिचारे असे समजते की युटिलिटी बसवलेलीच नाही.

उपाय अर्ध्या मिनिटाचा आहे. आयकर पोर्टल उघडे असताना पत्त्याच्या डावीकडच्या चिन्हावर क्लिक करून साइट सेटिंग्जमध्ये जायचे, स्थानिक नेटवर्कच्या प्रवेशासमोरचे `Block` बदलून `Allow` करायचे आणि पान पुन्हा लोड करायचे. इचलकरंजीत एवढे केल्यावर प्रोव्हायडरच्या यादीत टोकन आले, त्याखाली प्रमाणपत्र आले, पिन टाकला, विवरणपत्रावर सही झाली. परवानगी द्यायची ती फक्त सरकारी पोर्टलच्या पत्त्याला. दुसऱ्या एखाद्या संकेतस्थळाने हीच चौकट दाखवली तर नकार देणेच योग्य.

जीएसटीच्या पोर्टलवर सही करणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे. तिथलाही एमसाइनर असला तरी युटिलिटी वेगळी आहे, दार वेगळे आहे. ती `https://127.0.0.1:1585` आणि अशाच आणखी काही पोर्टांवर ऐकते, आणि पहिल्यांदा हा पत्ता क्रोममध्ये उघडून Advanced मधून पुढे जावे लागते, नाहीतर ब्राउझर तिच्यावर विश्वास ठेवत नाही. आयकराचे चालते म्हणून जीएसटीचे चालेल असे नाही, आणि उलटही नाही. एक दुरुस्त करताना दुसरी काढून टाकायची गरज नसते.

आणखी एक अडचण मोठ्या सीए कार्यालयांत नेहमी दिसते. टोकन क्लायंटच्या कॉम्प्युटरला लावलेले, आणि कार्यालयातला मुलगा विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपने त्या कॉम्प्युटरवर शिरलेला. टोकन दिसत नाही, काहीही केले तरी नाही. हा बिघाड नाही, रिमोट डेस्कटॉपची रचनाच तशी आहे. त्या सत्रात विंडोज दूरच्या मशीनला लावलेले कार्ड दाखवत नाही, तुम्ही जिथे बसलात त्या मशीनचे कार्ड शोधते. उलट केले, म्हणजे टोकन स्वतःच्या मशीनला लावून रिमोट डेस्कटॉपच्या जोडणीत स्मार्ट कार्डची निवड चालू ठेवली, तर चालते. नुसता समोरचा पडदा दाखवणारी एनीडेस्कसारखी साधने वापरली तर दूरचे टोकन नीट दिसते, कारण त्यांत समोर बसलेल्या माणसाचेच सत्र चालू असते.

पिन चुकल्याची तक्रार आली तर ती वेगळी बाब, कारण तोपर्यंत सगळी वाट मोकळी झालेली असते. तेव्हा अंदाजाने पिन टाकत बसू नये. ठरावीक चुकांनंतर टोकन स्वतःला कुलूप लावते. आणि कुणी टोकन मॅनेजरमधले `Initialize` दाबायला सांगितले तर हात मागे घ्या. त्याने टोकन कोरे होते. सहीची गुप्त किल्ली चिपच्या बाहेर कधीच निघत नाही, तिची प्रत कुठेही नसते, प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेकडेसुद्धा नाही. गेली की गेली, आणि मग खरोखरच नवी डीएससी काढावी लागते, नवी डीएससी पोर्टलवर पुन्हा नोंदवावीही लागते.

एक विनंती कंपनीच्या संचालकांना. मुदतीच्या आठवडाभर आधी, ज्या मशीनवरून विवरणपत्र भरणार त्याच मशीनवर टोकन लावून पोर्टलवर डीएससी नोंदवण्याच्या पानापर्यंत एकदा जाऊन पाहा, आणि प्रमाणपत्राची मुदतही तेव्हाच बघून ठेवा. टोकन सीएच्या कपाटात ठेवले असेल आणि त्यावर पिनची चिठ्ठी चिकटवली असेल, तर ती चिठ्ठी काढा. दुरुस्तीसाठी फोनवर किंवा एनीडेस्कवर आलेल्या माणसाला पिन सांगू नका, तो स्वतःच्या हाताने टाका. माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 च्या कलम 42 नुसार त्या गुप्त किल्लीवर ताबा राखण्याची काळजी घेणे हे डीएससी ज्याच्या नावावर आहे त्याचेच कर्तव्य आहे.